पाऊस, यंत्रं आणि रहदारीचे आवाज कथेत कसे लिहावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा आणि ललितलेख लिहिणारी मंडळी टपटप, घरघर, खडखडाट अशा शब्दांविषयी ज्या शंका पुन्हा पुन्हा पाठवतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत. व्याकरणात अशा शब्दांना अनुकरणवाचक किंवा ध्वन्यनुकारी म्हणतात. खाली सोयीसाठी नुसतं 'नादशब्द' म्हटलंय. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल आणि एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिलेला आहे. कविता आणि बालसाहित्याचा हिशेब वेगळा असतो, म्हणून ते इथे धरलेलं नाही.

1. रिमझिम, भुरभुर, टपटप हे सगळे पावसाचे नादशब्दच ना? मग कुठलाही वापरला तर काय बिघडलं?

घडण तिन्हींची सारखी असली तरी तिन्हींतून सारखाच आवाज ऐकू येत नाही. भुरभुर पावसाचे थेंब अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात आणि सेकंदाला जेमतेम दोन मीटर वेगाने खाली येतात. मातीवर, डांबरावर, कपड्यावर त्यांचा आवाज होत नाही. मीठ भुरभुरावं तसा तो पाऊस डोळ्यांना आणि गालांना कळतो. त्यामुळे खिडक्या लावून पांघरुणात पडलेल्या पात्राला 'बाहेर पावसाची भुरभुर ऐकू आली' असं लिहिलं, की कान असलेला वाचक तिथे अडखळतो. त्या पात्राला फार तर पागोळ्या ऐकू येतील. भुरभुर कौलांवर साचत जाते, वळचणीला तिचा मोठा थेंब होतो आणि तो खाली पडतो. टपटप ही त्या थेंबाची. म्हणजे एकाच वेळी बाहेर भुरभुर असते आणि आत टपटप ऐकू येते.

पारख सोपी आहे. पात्राचे डोळे बांधले तर त्याला ही गोष्ट कळली असती का, असं विचारा. नसती, तर तुमचा शब्द डोळ्यांचा किंवा त्वचेचा आहे (चकचक, लखलख, चिकचिक हेही त्यातलेच) आणि त्याला 'ऐकू आली' जोडता येत नाही.

2. शब्द शब्दकोशातलेच घेतले, तरी माझा पाऊस बडबडगीतातला का वाटतो?

बहुतेक वेळा दोष शब्दाचा नसतो, शब्द कुठे बसवला आहे त्याचा असतो. 'टप टप टप! पाण्याचे थेंब पडत होते.' इथे आवाज आधी सुटा उभा केलाय आणि मग तो कशाचा, ते समजावून सांगितलंय. लहान मुलांना आपण असंच सांगतो: भू भू, तो बघ कुत्रा. वाचकाच्या कानात ती चाल लहानपणापासून बसलेली असते, त्यामुळे वाक्याची रचना तशी झाली की मजकूर कितीही गंभीर असो, वाचक मनात हसतो.

त्याच टपटपीला वाक्यात काही काम द्या. 'पागोळ्यांची टपटप थांबेपर्यंत तिने दार उघडलं नाही.' आता तोच शब्द वेळ मोजतो आहे. तिचं ताटकळणं त्याच्यावर लटकलेलं आहे आणि वाचकाचं लक्ष आवाजाच्या नकलेकडे न जाता तिच्याकडे जातं.

दुसरं कारण दाटी. 'विजांचा कडकडाट, पावसाची रिपरिप आणि बेडकांचं डरावडराव' असे तीन नादशब्द एका वाक्यात आले, की ते एकमेकांशी ताल धरतात आणि वाक्य गाऊ लागतं. एका परिच्छेदात एक, फार तर दोन, आणि तेही शेजारी नकोत. एवढं पाळलं तरी निम्मी संहिता सुधारते.

3. टपटप, टपकन, टपटपत, टपटपणे: यांतलं कुठलं रूप कधी?

मराठीने एकाच आवाजासाठी बरीच रूपं दिली आहेत आणि हास्यास्पद-ताजं हा फरक पुष्कळदा रूपावरूनच पडतो.

'-कन' लावलं की आवाज एकदाच, अवचित होतो: खटकन, धाडकन, टपकन. '-दिशी' (खाडदिशी, फाडदिशी) हे त्याचं जरा आडदांड, बोलण्यातलं भावंड आहे. निवेदक शांत प्रकृतीचा असेल तर ते त्याच्या तोंडी शोभत नाही. दुहेरी रूप चालू राहिलेला आवाज दाखवतं: खडखड, घरघर. नाम म्हणून ते स्त्रीलिंगी. '-आट' लावून मोठा, भरून राहिलेला आवाज होतो: खडखडाट, गडगडाट. हे पुल्लिंगी. या रूपात आवाज आधीच वाढवलेला असतो, म्हणून 'प्रचंड खडखडाट' किंवा 'जोरदार गडगडाट' लिहिलं की वाक्य ओरडायला लागतं.

सगळ्यांत कमी वापरलं जाणारं आणि बहुधा सगळ्यांत उपयोगी रूप क्रियापदाचं: पत्रा तडतडला, काचा खडखडल्या, पंखा घरघरत राहिला. इथे आवाज वेगळा दाखवावा लागत नाही, वस्तूच तो करते. 'काचांचा खडखड असा आवाज येत होता' हे सहा शब्द आहेत आणि 'काचा खडखडत होत्या' हे तीनच. पहिल्यातल्या 'असा आवाज येत होता' या शेपटाला तर आधी कात्री लावा.

4. आवाज मनात स्पष्ट आहे, पण शब्द सापडत नाही. अक्षरांवरून शोधण्याची काही रीत आहे का?

आहे. मराठी नादशब्दांत शेवटचं व्यंजन बरंच काही सांगतं. सुरुवातीचा 'ख' तोच ठेवून बघा. खट म्हणजे कोरडा, तिथल्या तिथे मरणारा आवाज. खड म्हणजे काहीतरी सैल आहे, हलतंय. खण म्हणजे धातू आहे आणि घुमतोय. खळ म्हणजे पाणी. खर म्हणजे घासलं जातंय. एका अक्षराच्या बदलाने वस्तू बदलते. दाराची कडी खटखटते, तीच सैल झाली की खडखडते, आणि पितळेची असून दगडी फरशीवर पडली तर खणखणते. लेखक पुष्कळदा पहिल्या अक्षराशी झटत बसतो, पण अडकलेलं असतं शेवटचं.

पहिलं व्यंजन वजन सांगतं. टपटप, ठपठप, धपधप असं म्हणून बघा, पडणारी वस्तू जड होत जाते. स्वर आकार सांगतो: टिकटिक छोट्या घड्याळाची, टकटक दारावरच्या बोटांची. आणि ऱ्हस्वाचा दीर्घ केला की जोर वाढतो. तडतड आणि ताडताड, खटकन आणि खाटकन यांत फरक तेवढाच आहे.

वस्तू, तिचं वजन आणि ती घुमते की नाही, एवढं ठरवलं की शब्द बहुधा आपोआप येतो. नाही आला, तर प्रश्न 13 बघा.

5. धो धो आणि मुसळधार सोडून मोठा पाऊस कसा लिहायचा?

पाऊस स्वतः फारसा वाजत नाही. तो ज्याच्यावर पडतो ते वाजतं. म्हणून 'पाऊस कसा वाजतो' हा प्रश्न सोडून 'माझं पात्र कशाखाली उभं आहे' हे आधी ठरवा. पत्रा तडतडतो. ताडपत्री थोपटल्यासारखी वाजते आणि तिच्या खोलगट भागात पाणी साचलं की तिथला आवाज जाड होतो. कौलांवर तोच पाऊस दबका, एकसलग असतो. केळीच्या पानावर एकेक थेंब वेगळा ऐकू येतो, कारण पान ताणलेलं असतं. काँक्रीटच्या स्लॅबखाली तर वरचा पाऊस जवळजवळ कळतच नाही, कळतो तो खिडकीच्या पत्र्यावरचा किंवा पाइपातून खाली उतरणारा. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला 'छपरावरचा पाऊस' ऐकवू नका.

धो धो पाण्याचं मान सांगतं, पण पाणी कुठे पडतंय ते सांगत नाही. बातमीत ते चालतं. कथेत ते वापरावंसं वाटलं, तर त्याऐवजी त्या आवाजाने काय बदललं ते लिहून बघा. माणसं मोठ्याने बोलायला लागली, टीव्हीचा आवाज वाढवला गेला, फोनवर 'काय म्हणालास?' तीनदा झालं.

आता कुणी विचारेल की रामदासांनी शिवथरघळीच्या धबधब्याला 'धबाबा' म्हटलं आणि कुणाला हसू आलं नाही, ते कसं? एकतर तिथे वजनदार पाणी उंचावरून खडकावर आदळतंय, त्यामुळे ध आणि ब ही दोन्ही जड अक्षरं हक्काची आहेत. शिवाय दोन्ही वेळा तो शब्द क्रियापदाला जोडलेला आहे: धारा लोटतात, पाणी आदळतं. सुटा उद्गार तो एकदाही होत नाही.

6. गळक्या घरातली बादली फार जणांनी लिहिली आहे. तिच्यात ताजं काही उरलंय का?

उरलंय, कारण बहुतेकांनी ती पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत एकाच टपटपीवर ठेवली. रिकाम्या लोखंडी बादलीच्या तळाला थेंब लागला की ठणकन वाजतं. प्लास्टिकची असेल तर टक. तळाला बोटभर पाणी झालं की धातूचा आवाज जातो. त्यानंतर वाजतो तो पाण्यात शिरताना थेंबाने आत ओढून नेलेला हवेचा बारीक बुडबुडा. तो थरथरतो आणि टुपुक किंवा डुबुक असा गोल आवाज निघतो. पाण्यावर पडलेल्या थेंबाचा आवाज मुख्यतः या बुडबुड्याचा असतो.

म्हणजे कथेत रात्र किती सरली हे घड्याळाशिवाय सांगता येतं. आजी झोपली तेव्हा बादली ठणठणत होती, आणि जाग आली तेव्हा आवाज बदलला होता. उठून बादली रिकामी करायची वेळ झाली हे तिला अंथरुणातच कळतं. नवा शब्द एकही लागला नाही.

7. कडकडाट आणि गडगडाट एकमेकांऐवजी वापरता येतात का?

येत नाहीत. कडकडाट जवळच्या विजेचा, गडगडाट लांबच्या. वीज जिथून जाते ती वाट काही किलोमीटर लांब असते, आणि तिच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेला आवाज आपल्यापर्यंत मागेपुढे पोचतो. शिवाय लांबून येताना टोकदार, उंच स्वर वाटेत विरतात आणि जाड तेवढे उरतात. म्हणून लांबची वीज गुरगुरते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद धरा. 'वीज चमकली आणि त्याच क्षणी आकाशात गडगडाट झाला' या वाक्यात डोळ्यांनी वीज डोक्यावर आहे आणि कानांनी ती पार लांब आहे. दोन्ही खरं असू शकत नाही.

8. यंत्राचा आवाज लिहिताना खटाक… खटाक… असे टिंब टाकले तर वाचकाला ताल कळतो ना?

ताल कळतो, पण तो त्या यंत्राचा आहे का हे तपासायला हवं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथला साधा यंत्रमाग घ्या, आडवा धागा धोट्याने नेणारा. तो मिनिटाला साधारण सव्वाशे-दीडशे वेळा धोटा फेकतो, म्हणजे सेकंदाला दोनदा किंवा थोडं जास्त. तेवढ्यात तीन आवाज होतात. दांडा धोट्याला फटका मारतो, धोटा पलीकडच्या पेटीत आदळतो आणि फणी धागा ठोकून बसवते. 'खटाक' लिहून पुढे टिंब दिले की वाचक तिथे श्वास घेतो, आणि तेवढ्यात मागाचे दोन-चार फेरे होऊन गेलेले असतात. टिंबांची ती विश्रांती हातमागाला शोभेल, कारण तिथे माणसाचा हात आणि पाय ताल धरतात आणि तो ताल चुकतोसुद्धा. धोट्याविना चालणाऱ्या ऑटोलूमवर तर वेग इतका असतो, की ठोके वेगळे करून लिहिणंच खोटं ठरतं.

म्हणून यंत्राबद्दल आधी एक गोष्ट काढा: ते सेकंदाला किती वेळा वाजतं? दोन-तीन असेल तर खटखट चालेल. आठ-दहा झालं की ठोके एकमेकांत मिसळतात आणि घरघर, टरटर असा 'र' असलेला शब्द लागतो. त्याहून जास्त असेल तर गुणगुण, भणभण, असा नाकातला.

आणि अशी वीस यंत्रं एका छपराखाली असतील तर? तिथे काम करणाऱ्याला ती खटखट ऐकूच येत नसते. तो खुणांनी बोलतो किंवा कानाशी तोंड नेऊन ओरडतो. त्याला ऐकू येतो फक्त बदल.

9. हे सगळं एखाद्या उताऱ्यावर करून दाखवाल का?

याच प्रकारच्या बऱ्याच संहिता येतात, त्यांच्या वळणावर एक उतारा रचला आहे.

'खटखट खटखट! यंत्रमाग चालू होते. बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. कडाडकड! वीज चमकली आणि अचानक लाईट गेली. सगळीकडे शांतता पसरली. टप टप टप… पत्र्यावर थेंबांचा आवाज येऊ लागला. सदाशिव दचकला.'

सहा-सात ओळींत चार नादशब्द आहेत आणि त्यांतले तीन सुटे. पण त्याआधीची गडबड कानाची आहे. सदाशिव चालू मागांच्या मधोमध उभा असेल तर त्याला बाहेरचा पाऊस ऐकू येणार नाही, मग 'धो धो' कुणी ऐकलं? लाईट गेल्यावर 'शांतता पसरली' म्हटलंय आणि लगेच पत्रा वाजतोय, तेव्हा शांतताही नव्हती. मोठा पाऊस पत्र्यावर टपटप कधीच करत नाही. टपटप तो ओसरताना, थेंब मोजता येतात तेव्हा. आणि दचकायचं कारण काय? त्याला उलट काहीतरी लक्षात यायला हवं.

या प्रसंगात खरी हालचाल एकच आहे: माग थांबल्यामुळे पाऊस ऐकू येतो. तेवढंच धरून पुन्हा लिहू.

'लाईट गेली तरी माग एकदम थांबले नाहीत. एकेकाने उरलेले दोन-तीन ठोके टाकले, कोपऱ्यातल्याने सगळ्यांत शेवटी. मग पत्रा ऐकू आला. तो तडतडत होता, आणि किती वेळापासून, कोण जाणे. सदाशिवने जॉबरला हाक मारली ती गरजेपेक्षा फारच मोठी निघाली. "अण्णा, सुताची पोती भाईरच हायती की!"'

नादशब्द एकच उरला, तोही क्रियापद होऊन आणि बरोब्बर तिथे, जिथे सदाशिवचा कान मोकळा होतो. मागांसाठी 'ठोके' हे साधं नाम पुरलं, कारण बंद पडतानाच ठोके वेगवेगळे ऐकू येतात. आधीची खटखट लिहिलीच नाही. वाचकाला ती सदाशिवच्या चढलेल्या हाकेवरून कळते. वीज चमकल्याचं काढून टाकलं, कारण बिनखिडकीच्या शेडमध्ये तिचं काम नव्हतं. 'अचानक' गेलं, 'शांतता' गेली. आणि पाऊस आता नुसता वातावरणासाठी नाही, बाहेर सूत भिजतंय.

तडतडणेऐवजी ताडताड घेतलं असतं तर? गारा असत्या तर घेतलं असतं.

10. लोकलला झुकझुक म्हणणं चुकीचं आहे का?

झुकझुक वाफेच्या इंजिनाची. मुंबईत विजेची पहिली लोकल 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला धावली, आणि देशभरातल्या ब्रॉडगेजवरूनही वाफेची नेहमीची इंजिनं 1995 मध्ये गेली. लोकलमध्ये बसलेल्या आजच्या नायिकेला झुकझुक ऐकवलीत, तर वाचकाला ती मामाच्या गावाला निघालेली दिसेल.

खडखडाट-धडधडाट निदान गाडीचा आहे, पण त्यातही एक बदल झालाय. पूर्वी रूळ 13-13 मीटरचे असत, दोन रुळांमधल्या फटीवरून चाकं गेली की ठरावीक अंतराने ठोका पडे, आणि त्या ठोक्यांवर कित्येक लेखकांची वाक्यं झुलली. आता मुख्य मार्गांवर रूळ जोडून लांबच्या लांब केले आहेत, त्यामुळे तो ठोका बव्हंशी गेला. गाडी रूळ बदलताना मात्र तो अजून ऐकू येतो. म्हणजे आजच्या लोकलमध्ये खडाडखट ऐकू आलं, तर जवळ स्टेशन किंवा यार्ड आहे. डोळे मिटून बसलेल्या नेहमीच्या प्रवाशाला हे बरोबर कळतं, आणि लेखकाला यातून फुकटचा तपशील मिळतो. एसी लोकलमध्ये (पहिली 25 डिसेंबर 2017 ला सुरू झाली) दारं बंद असतात. तिथे बाहेरचा आवाज कितीतरी दबलेला असतो.

11. हॉर्नसाठी पों पों, पीं पीं सोडून काही शब्दच नाही. काय करायचं?

हॉर्नची नक्कल करू नका. पों पों खेळण्यातल्या गाडीने कायमचं नेलेलं आहे, ते परत मिळणार नाही. हॉर्न कसा वाजला यापेक्षा कुणी, किती वेळ आणि कशासाठी वाजवला हे लिहिलं की काम होतं. 'मागच्या टेम्पोने हॉर्नवरचा हात सिग्नल सुटेपर्यंत उचलला नाही.'

रहदारीत ऐकण्यासारखं हॉर्नपलीकडे पुष्कळ आहे. रिकामा टेम्पो गतिरोधकावरून खडखडाट करत जातो, भरलेला असेल तर नुसता धप्पकन बसतो. रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या पानवाल्याला माल उतरला की नाही हे त्यावरून कळतं. उभ्या एसटीच्या काचा इंजिनाबरोबर थरथरतात, गाडी सुटली की त्यांचा सूर बदलतो. आणि रात्रीच्या पावसानंतर टायरांचा आवाज बदलतो. कोरड्या डांबरावरचा जाड घरघराट जाऊन ओलं, पातळ सर्र ऐकू येतं. खिडकी न उघडता पाऊस पडून गेल्याचं सांगायला एवढं एक 'सर्र' पुरे.

12. 'पंख्याला घरघर लागली होती' असं लिहिलं तर संपादकांनी खूण केली. का?

कारण मराठीत घरघर लागते ती मरणाऱ्या माणसाला. पंखा घरघरत होता, पंख्याची घरघर चालू होती, इथवर ठीक. 'लागली' म्हटलं की पंखा अखेरचे श्वास मोजतोय. तेच हवं असेल तर जरूर ठेवा, नकळत आलं असेल तर विनोद होतो.

असे शब्द बरेच आहेत. पिरपिर, किरकिर, कुरकुर, भुणभुण हे आवाजाआधी तक्रारीचे झाले आहेत. 'पावसाची पिरपिर' म्हटलं की पाऊस कटकट करणारा माणूस होतो, आणि ते कंटाळलेल्या पात्राच्या नजरेतून चालतं. खडखडाट आणि ठणठणाट खिशात असतो. काही शब्दांचा तर आवाज पूर्णच गेलाय: खडखडीत म्हणजे वाळलेलं, ठणठणीत म्हणजे निरोगी, धडधडीत म्हणजे उघड. 'धडधडीत रेल्वे' लिहिणारे भेटतात.

13. स्वतः नवा नादशब्द घडवला तर चालेल का?

चालेल, पण आधी उसना घेऊन बघा. स्वयंपाकघरातला शब्द रस्त्यावर आणला की तो नवा वाटतो आणि वाचकाला परकाही वाटत नाही. वळवाचे पहिले थेंब तापलेल्या सायलेन्सरवर चरचरले. हे 'चरचरणं' तव्यावरचं आहे, पण तापलेला धातू आणि पाणी दोन्हीकडे तेच, म्हणून ते खरं ठरतं. जिथे कारण सारखं असतं तिथे उसना शब्द टिकतो. नुसतं वेगळं वाटावं म्हणून आणलेला टिकत नाही.

घडवायचाच असेल तर ओळखीच्या साच्यात घडवा: प्रश्न 4 मधली अक्षरं आणि प्रश्न 3 मधली रूपं. वाचकाला तो शब्द पहिल्यांदाच भेटतोय, तेव्हा तो कशाचा आवाज आहे हे त्याच वाक्यातल्या वस्तूवरून कळलं पाहिजे. आणि एका कथेत असा एकच.

14. टपटप, टप टप की टप्-टप्? आणि 'खटाऽऽक' मधलं ऽऽ?

निवेदनात टपटप, खडखड, रिमझिम जोडून लिहा. 'धो धो' मात्र सुटं लिहिण्याची रूढी आहे. सुटं करून किंवा पाय मोडून लिहिलं की वाचक शब्द न वाचता आवाज काढायला लागतो, म्हणजे प्रश्न 2 मधली बडबडगीताची चाल परत येते. अवतरणचिन्हं आणि उद्गारचिन्ह यांचंही तसंच. ऽऽ फक्त पात्राच्या तोंडी.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत वेगळी सोय आहे. हळूहळू, मुळूमुळू असे पुनरुक्त शब्द दीर्घ लिहायचे, पण नादानुकारी असतील तर उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व: दुडुदुडु, लुटुलुटु, रुणुझुणु.

15. पात्र स्वतः आवाजाची नक्कल करत असेल तर?

मग वरचे बहुतेक नियम सैल होतात. गॅरेजमध्ये गाडी घेऊन गेलेला माणूस 'दुसऱ्या गिअरला टाकली की कुईंऽऽ करते बघा' असंच सांगणार. मेकॅनिकने मात्र तशी नक्कल केली तर तो नवशिका वाटेल. तो 'टॅपेट वाजतंय' किंवा 'चेन सैल आहे' म्हणतो. ज्याला भागाचं नाव माहीत नाही तो आवाज काढतो, ज्याला माहीत आहे तो नाव घेतो. दोघांच्या संवादात हा फरक ठेवला की कोण जाणकार हे वेगळं सांगावं लागत नाही.

16. कथा श्राव्य स्वरूपात जाणार आहे आणि मागे पावसाचा खरा आवाज असणार आहे. नादशब्द ठेवू का?

आवाज ऐकवणार असाल तर त्याच आवाजाचा शब्द काढा, नाहीतर श्रोत्याला एकच गोष्ट दोनदा मिळते. जो आवाज ध्वनिमुद्रणात नाही त्याचा शब्द ठेवा. मागे पत्र्यावरचा पाऊस चालू असेल, तर वाचन करणाऱ्याने बादलीचा ठण तेवढा म्हणावा. आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की प्रसंग कौलांखालचा आहे की पत्र्याखालचा. तयार संग्रहातला 'पाऊस' बऱ्याचदा झाडांवरचा असतो, आणि तो चाळीतल्या खोलीत लावला की पहिल्या वाक्यालाच घर जंगलात जातं.